मोठा विमा क्लेम अडतो कुठे? ओळखीची, कराची कागदपत्रे आणि मनी लाँडरिंगची तपासणी

घरातला कर्ता माणूस जातो. मागे पन्नास लाखांची, एक कोटीची टर्म पॉलिसी असते. मृत्यूचा दाखला, पॉलिसीचे कागद, क्लेम फॉर्म असे सगळे वेळेवर जमा होते आणि तरीही पैसे येत नाहीत. चौकशी केली तर शाखेत सांगतात, "केवायसी पेंडिंग आहे," नाहीतर "कम्प्लायन्सकडे गेलंय." घरच्यांना वाटते की कंपनी क्लेम नाकारायला निमित्त शोधतेय. बहुतेक वेळा तसे नसते. मृत्यू खरा आहे, पॉलिसी चालू आहे, हे कंपनीने मानलेले असते. अडलेले असते ते एवढेच, की पैसे घेणारी व्यक्ती कोण, हे कागदावर सिद्ध झालेले नसते.

हा लेख त्या टप्प्याबद्दल आहे. उदाहरण आयुर्विम्याच्या मृत्यू दाव्याचे घेतले आहे, कारण मोठी रक्कम बहुधा तिथेच येते आणि ती घेणारी व्यक्ती बहुधा अशी असते, जिने आयुष्यात कधी स्वतःच्या नावावर मोठा व्यवहार केलेला नसतो.

कंपनी नेमके काय तपासते

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ सालचा आहे आणि त्याखालचे नोंदींचे नियम २००५ चे. विमा कंपन्याही त्यात येतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कंपनीने पॉलिसी देताना जशी ओळख तपासायची, तशीच पैसे देतानाही तपासायची असते. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर प्रश्न तीनच उरतात. पैसे घेणारी व्यक्ती नक्की कोण? हप्ते कोणाच्या पैशातून भरले गेले? आणि रक्कम ज्या खात्यात जाणार, ते खाते त्याच व्यक्तीचे आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी अधिकृत ओळखपत्रांची यादी ठरलेली आहे: आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. रेशन कार्ड यात नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही. पॅन कार्डही या यादीत नाही. ते वेगळे लागते आणि नसेल तर पॅन नसल्याचे घोषणापत्र द्यावे लागते, ज्याला सगळे फॉर्म ६० म्हणून ओळखतात. "मी पॅन आणि रेशन कार्ड दिलंय, आता आणखी काय पाहिजे?" हे वाक्य क्लेमच्या टेबलावर रोज ऐकू येते. उत्तर असे की, त्या दोन्हींत ओळखपत्र एकही नाही.

पत्ता बदललेला असेल आणि आधारवर जुनाच असेल, तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. मात्र तीन महिन्यांत नव्या पत्त्याचे खरे ओळखपत्र द्यावे लागते. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकून द्या, कंपनीला शेवटचे चार पुरतात.

याशिवाय कंपनी केंद्रीय केवायसी नोंदवहीत तुमचे नाव शोधते. बँकेने किंवा म्युच्युअल फंडाने पूर्वी कधी तुमची केवायसी केली असेल, तर तिथे तुमचा १४ अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक हाताशी असेल तर काम हलके होते, पण त्या नोंदीत दहा वर्षांपूर्वीचा पत्ता किंवा लग्नाआधीचे नाव पडलेले असेल तर तीच नोंद आड येते.

पॅन: मृत्यू दाव्यात कर नाही, मग पॅन कशाला?

हा गैरसमज मोठा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. वारसाला मिळालेली मृत्यूची विमा रक्कम करमुक्त असते. जुन्या आयकर कायद्याचे कलम १०(१०डी) हे त्याचे मूळ. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण विमा कार्यालयांत अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात. हप्ता कितीही मोठा असो, मृत्यूची रक्कम करमुक्तच. अपवाद कीमॅन पॉलिसीसारख्या मोजक्या प्रकारांचा, म्हणजे जी कंपनी आपल्या महत्त्वाच्या माणसावर स्वतःसाठी घेते ती.

तरीही पॅन मागतात, कारण इथे ते करासाठी नसून ओळखीसाठी असते. पॅनवरून कंपनी नाव आणि जन्मतारीख पडताळते. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर १ जुलै २०२३ पासून ते निष्क्रिय धरले जाते आणि पडताळणीत तसे दिसते. मग कंपनीची यंत्रणा फाइल पुढे सोडत नाही. निष्क्रिय पॅन पुन्हा चालू करायला आयकराच्या संकेतस्थळावर १,००० रुपये भरून आधार जोडावे लागते.

ज्यांच्याकडे पॅन कधीच नव्हते, त्यांनी फॉर्म ६० देऊन निभावून नेण्यापेक्षा सरळ ई-पॅन काढावे असे माझे मत आहे. incometax.gov.in वर आधारच्या ओटीपीने ते फुकट मिळते, बऱ्याचदा काही मिनिटांत. अट इतकीच की आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. नुसते जन्मवर्ष असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते दुरुस्त करून घ्या. एक सावधगिरी: पूर्वी कधी काढलेले पॅन हरवले असेल तर नवे काढू नका. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. हरवलेल्याचीच प्रत मागवा.

मॅच्युरिटी किंवा सरेंडरची रक्कम ही निराळी गोष्ट. तिथे काही पॉलिसी करपात्र असतात. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०१२ नंतरची पॉलिसी, जिचा वार्षिक हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे, किंवा १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पारंपरिक पॉलिसी, ज्यांचे एकूण वार्षिक हप्ते ५ लाखांपुढे जातात. समजा एकरकमी १० लाख भरले आणि १६ लाख मिळणार. फायदा ६ लाखांचा. कंपनी त्या फायद्यावर २ टक्के, म्हणजे १२,००० रुपये कापेल. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर २० टक्के, म्हणजे १,२०,०००. कापलेला कर रिटर्न भरून परत मिळवता येतो, पण पॅनच नसेल तर तो कोणाच्या नावावर जमा होणार?

नावांचा घोळ: एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता एक फाइल उघडून बघू. नावे आणि आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण यातली प्रत्येक अडचण महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे.

साताऱ्याकडचे एक छोटे वर्कशॉप चालवणारे गृहस्थ, विजय शिंदे. २०१४ मध्ये त्यांनी एक कोटीची टर्म पॉलिसी ऑनलाइन घेतली, नॉमिनी पत्नी सुनंदा. वयाच्या ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. पॉलिसीला तीन वर्षे होऊन गेलेली असल्याने विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आता माहिती लपवल्याच्या कारणावरून ती वादात ओढता येत नाही. नॉमिनी पत्नी आहे, म्हणजे २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती नुसती रक्कम घेणारी नाही, तर रकमेची हक्कदारही आहे. वरवर पाहता पंधरा दिवसांत मिटणारे प्रकरण.

फाइलमधली नावे मात्र अशी:

पॉलिसीत: सौ. सुनंदा विजय शिंदे
आधारवर: सुनंदा विजय शिंदे
पॅनवर: सुरेखा रामचंद्र जाधव
बँक खात्यात: शिंदे एस व्ही

सुनंदाताईंचे माहेरचे नाव सुरेखा. १९९६ मध्ये लग्नात नाव बदलले, जसे तेव्हा अनेक घरांत बदलत असत. पुढे कोणीतरी शाळेच्या दाखल्यावरून पॅन काढून दिले, ते माहेरच्या नावाने. पॅन आणि आधार यांच्या नावांत काहीच जुळत नसल्याने दोन्हींची जोडणी कधी झालीच नाही आणि पॅन निष्क्रिय झाले. पडताळणीच्या यंत्रणेला इथे दोन वेगळ्या बायका दिसतात. एकीला नॉमिनी केले आहे, दुसरीचे पॅन जोडले आहे. मनी लाँडरिंगच्या नियमांत यालाच धोक्याची खूण म्हणतात: पैसे घेणाऱ्याची ओळख पटत नाही.

तोंडी खुलासा, सरपंचाचे पत्र किंवा शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचे "सुरेखा आणि सुनंदा ही एकच व्यक्ती" असे प्रतिज्ञापत्र, यांनी काही शाखा समाधान मानतात, पण मोठ्या रकमेला ते मुख्यालयात अडते. नियमांत यासाठी दोनच पक्के मार्ग दिलेले आहेत. जुन्या नावाच्या ओळखपत्रासोबत सरकारी विवाह नोंदणीचा दाखला जोडा, किंवा नावबदलाची राजपत्रातली जाहिरात, म्हणजे गॅझेट.

इथे एक अडचण आहे, जी फार उशिरा लक्षात येते. १९९६ चे लग्न नोंदवलेले नाही. आता नोंदवायचे म्हटले तर विवाह नोंदणीच्या अर्जावर पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात आणि पती हयात नाही. म्हणजे गॅझेटच करावे लागते. महाराष्ट्रात शासन मुद्रण संचालनालयाकडे त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. छापून यायला काही आठवडे जातात. ते आल्यावर त्याच्या आधारे पॅनमधले नाव दुरुस्त करायचे, मग पॅन-आधार जोडणी, मग ते कंपनीला द्यायचे. क्रम हाच ठेवा. आधी जोडणी करायला गेलात तर नावाच्या फरकामुळे ती होणारच नाही. ज्यांचे जोडीदार हयात आहेत आणि लग्न नोंदवलेले नाही, त्यांनी हा परिच्छेद वाचून या महिन्यातच ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जावे.

या सगळ्याची वाट पाहत क्लेम थांबवून ठेवायचा का? अजिबात नाही. मृत्यूची सूचना आणि असतील ती कागदपत्रे लगेच द्या, क्लेम क्रमांक घ्या आणि सोबत एका पानाचे पत्र द्या की पॅनवरील नाव माहेरचे आहे, गॅझेटसाठी अमुक तारखेला अर्ज केला आहे, पावती जोडली आहे. आपणहून सांगितलेला फरक आणि कंपनीने पकडलेला फरक, यांकडे पाहण्याची नजर वेगळी असते. फॉर्म ६० देऊन पॅनचा प्रश्न टाळायचाही मोह होतो. तो करू नका. ज्याला पॅन दिलेले आहे, त्याने "मला पॅन नाही" असे लिहून देणे हे खोटे निवेदन ठरते आणि साधी नावाची गोष्ट खरोखरच संशयाची बनते.

हप्ते दिराच्या खात्यातून

त्याच फाइलमध्ये दुसरी गोष्ट निघाली. शेवटचे तीन हप्ते विजयरावांच्या खात्यातून गेलेले नव्हते. वर्कशॉपला मंदी होती, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने स्वतःच्या खात्यातून भरले. घरात ही साधी गोष्ट आहे. कंपनीच्या तपासणीत मात्र "तिसऱ्या व्यक्तीने भरलेला हप्ता" हा ठरलेला प्रश्न आहे, कारण दुसऱ्याच्या नावाने पॉलिसी काढून त्यात स्वतःचा काळा पैसा फिरवणे ही जुनी युक्ती आहे. रोखीने भरलेले मोठे हप्ते, पन्नास हजारांच्या जरा खाली तोडून भरलेल्या रकमा, मृत्यूच्या थोडे आधी नात्याबाहेरच्या माणसाला बदलून दिलेले नामांकन किंवा असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीचे हक्कच दुसऱ्याच्या नावे करून देणे, यांवरही याच कारणाने बोट ठेवले जाते.

खुलासा मागितल्यावर घाबरून "हप्ते मयतानेच दिले, भावाने फक्त ट्रान्स्फर केले" असे काहीतरी सांगितले जाते आणि बँक स्टेटमेंट वेगळेच बोलते. खरे तेच लिहा. मजकूर असा पुरतो:

"माझे पती कै. विजय शिंदे यांच्या पॉलिसीचे २०२२, २०२३ व २०२४ या वर्षांचे हप्ते माझे दीर यांनी त्यांच्या बचत खात्यातून भरले. त्या काळात माझ्या पतीच्या व्यवसायात अडचण होती. दीर शेतकरी असून त्यांचे दुधाच्या व ऊसाच्या बिलांचे उत्पन्न त्याच खात्यात जमा होते. या पॉलिसीच्या रकमेवर त्यांचा कोणताही हक्क अथवा मागणी नाही. त्यांचे पॅन, आधार, त्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि नाते दाखवणारे रेशन कार्ड सोबत जोडले आहे."

खाली दोघांच्या सह्या. इथे रेशन कार्ड उपयोगी पडते, ओळखपत्र म्हणून नाही तर नात्याचा पुरावा म्हणून. हप्ता वर्षाला वीस-पंचवीस हजारांचा असेल आणि स्टेटमेंटमध्ये कारखान्याच्या ऊसबिलाची जमा दिसत असेल, तर तपासणारा माणूस ही फाइल तासाभरात मोकळी करतो. "रक्कम निम्मी दिराच्या खात्यात द्या" असे मात्र कधीही लिहू नका. नॉमिनी, कायदेशीर वारस किंवा असाइनी यांच्याखेरीज तिसऱ्याला पैसे देण्यास कंपनीला मनाई आहे. घरात काय वाटायचे ते पैसे हातात आल्यावर वाटा.

खाते: शेवटच्या पायरीवर अडणारी रक्कम

रक्कम पाठवण्याआधी कंपनी त्या खात्यात एक रुपया पाठवते आणि बँकेच्या नोंदीत कोणाचे नाव येते ते पाहते. याला पेनी ड्रॉप म्हणतात. "मॅडम, पेनी ड्रॉप फेल झालाय," असा फोन आला तर अर्थ इतकाच, की बँकेतले नाव आणि फाइलमधले नाव जुळले नाही, किंवा खाते बंद पडलेले आहे. "शिंदे एस व्ही" हे नाव "सुनंदा विजय शिंदे"शी यंत्राला जुळवता येत नाही. उपाय सोपा: बँकेत अर्ज देऊन खात्यावरचे नाव आधारप्रमाणे पूर्ण करून घ्या आणि नवे पासबुक किंवा छापील नावाचा रद्द केलेला चेक द्या. दोन वर्षे काही व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते, ते आधी चालू करून घ्या. मुलासोबतचे जोडखाते असेल तर नॉमिनीचे नाव पहिले हवे. शक्यतो एकटीचेच खाते द्या.

याहून मोठा धोका खात्याच्या प्रकारात असतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या "छोट्या खात्यात" वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही. काही जनधन खाती या प्रकारची आहेत, सगळी नाहीत. मोबाइलवर आधार ओटीपीने घरबसल्या उघडलेल्या खात्यालाही मर्यादा आहे: शिल्लक १ लाख, वर्षाची जमा २ लाख. सुनंदाताईंच्या मुलाने वडील गेल्यावर आईसाठी घाईने असेच एक खाते मोबाइलवर उघडून दिले असते आणि कंपनीने एक कोटी पाठवले असते, तर रक्कम परत गेली असती. परत गेलेली रक्कम पुन्हा पाठवायला कंपनी सगळी पडताळणी नव्याने करते.

म्हणून क्लेम फॉर्ममध्ये खाते क्रमांक लिहिण्याआधी बँकेच्या शाखेत जाऊन हे प्रश्न विचारा: या खात्याची केवायसी पूर्ण आहे का, जमेवर मर्यादा आहे का, खाते चालू आहे का. जमल्यास शाखाधिकाऱ्याला सांगून ठेवा की विम्याची अमुक रक्कम येणार आहे. वर्षभर दोन-तीन हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात एकदम कोटभर आले की बँकेची स्वतःची यंत्रणाही इशारा देते. रक्कम जमा झाल्यावर कंपनीचे सेटलमेंट पत्र बँकेत दाखवले की तो प्रश्न तिथेच मिटतो. हे पत्र जपून ठेवा. पुढे त्या पैशांची दहा लाखांवरची मुदत ठेव केली की तिची नोंद आयकर खात्याकडे जाते आणि "पैसे कुठून आले" याचे उत्तर म्हणजे हेच पत्र. विम्याची रक्कम करमुक्त असली तरी ठेवीवरचे व्याज करपात्र असते, आणि उशिराबद्दल कंपनीने व्याज दिले तर तेही.

नाव यादीत सापडले तर

पैसे देण्याआधी कंपनी नॉमिनीचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या आणि यूएपीए कायद्याखालच्या दहशतवादी यादीशी ताडून पाहते. या याद्यांत सामान्य नावेही असतात, त्यामुळे कोकणातल्या एखाद्या मच्छीमाराचे किंवा भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराचे नाव निव्वळ योगायोगाने जुळू शकते. नाव जुळणे म्हणजे आरोप नव्हे. कंपनी मग जन्मतारीख, वडिलांचे नाव, फोटो, पत्ता ताडते. तुम्ही पासपोर्ट असेल तर तो द्या, कारण त्यात जन्मस्थळ आणि आई-वडिलांची नावे एकत्र असतात. नसेल तर जन्मदाखला आणि वडिलांचे नाव दिसेल असे ओळखपत्र. खरेच जुळले तरच रक्कम गोठवली जाते आणि चुकून गोठली तर ती सोडवण्यासाठी अर्ज करण्याची सोय त्या कायद्यातच आहे.

आणखी एक प्रकार आहे. एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर कंपनी वित्तीय गुप्तवार्ता विभागाला, म्हणजे एफआययूला, अहवाल पाठवते. तो विनाविलंब जावा लागतो आणि तसा अहवाल पाठवल्याचे ग्राहकाला सांगायला कायद्याने बंदी आहे. म्हणून शाखेतल्या माणसाला "माझा रिपोर्ट केलाय का?" असे विचारून उपयोग नाही. त्याला माहीत नसते, आणि असले तरी तो सांगू शकत नाही. विचारायचे ते लेखी आणि एवढेच: माझ्याकडून कोणता कागद येणे बाकी आहे? या दाव्यात चौकशी सुरू केली आहे का, असल्यास कोणत्या तारखेपासून? या प्रश्नांना उत्तर देण्यास कंपनीला कसलीही आडकाठी नाही.

इथेच भामट्यांना संधी मिळते. "तुमचा क्लेम एएमएल क्लिअरन्सला अडकलाय, जीएसटी आणि फी भरा, उद्या पैसे सुटतील," असे फोन येतात, बोलणाऱ्याकडे पॉलिसी क्रमांकही असतो. अशी कोणतीही फी अस्तित्वात नाही. नियामकही असे फोन करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

नॉमिनी परदेशात असेल तर

मुलगी पुण्याहून टोरंटोला किंवा न्यू जर्सीला गेलेली आणि नॉमिनी तीच, हे आता नेहमीचे झाले आहे. तिला पासपोर्ट, व्हिसा किंवा तिथल्या वास्तव्याचा कागद आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा लागतो, भारतीय दूतावासाकडून किंवा नोटरीकडून साक्षांकित केलेला. शिवाय एफएटीसीए-सीआरएसचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते: कोणत्या देशाची करनिवासी आहे आणि तिथला कर क्रमांक कोणता. हा रकाना कोरा सोडला की फाइल परत येते. रक्कम साधारणपणे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात येते. लग्नाआधीचे भारतातले साधे बचत खाते देऊ नका. अनिवासी झाल्यावर ते चालू ठेवणेच नियमात बसत नाही आणि पडताळणीत ते उघडे पडते.

मुदत आणि दाद

आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार, चौकशीची गरज नसलेला मृत्यू दावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. मनी लाँडरिंगची तपासणी चालू आहे म्हणून ही मुदत अमर्याद लांबत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज मिळते. समजा बँक रेट साडेपाच टक्के आहे, तर एक कोटीवर साडेसात टक्क्यांनी दिवसाला सुमारे २,०५५ रुपये होतात. म्हणून शेवटचा कागद ज्या दिवशी दिला, त्या दिवसाची पोचपावती शिक्क्यासह घ्या. ईमेलने दिला तर ईमेल जपा. व्याजाचा सगळा वाद नंतर त्या एका तारखेवर येऊन ठेपतो. "साहेब जेवायला गेलेत, कागद ठेवून जा," असे म्हटले तर थांबा, पण शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

मुदत उलटली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग नियामकाचे बिमा भरोसा पोर्टल bimabharosa.irdai.gov.in किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, वकील लागत नाही, फी नाही. पण लोकपालांची मर्यादा ५० लाखांची आहे. एक कोटीच्या दाव्याला तो रस्ता बंद. मग ग्राहक आयोग. तिथे हद्द ठरते ती विम्याच्या रकमेवरून नाही, भरलेल्या पैशांवरून. वर्षाला पंचवीस हजारांप्रमाणे दहा-अकरा वर्षे हप्ते भरलेले असतील तर दावा एक कोटीचा असला तरी तो जिल्हा ग्राहक आयोगातच चालतो. सुनंदाताईंना मुंबई गाठायची गरज नाही, तक्रार साताऱ्यातच दाखल करता येते.